फ्रीज दिवसाला खरी किती वीज खातो? प्लगवरच्या मीटरने २४ तास मोजताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा प्लगमध्ये बसणारा वीजमीटर गेली काही वर्षं सांगली, मिरज आणि साताऱ्यातल्या ओळखीच्या घरांत फिरतो आहे. तो ज्या घरी जातो तिथून दोन दिवसांत फोन येतोच, आणि बहुतेक वेळा प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणातले आकडे आमच्या विश्रामबागेतल्या घरच्या फ्रीजचे आहेत: २५० लिटरच्या आसपासचा, दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री, साध्या कॉम्प्रेसरचा, आठ वर्षं वापरलेला.

१. घराबाहेर महावितरणचा मीटर आहेच. मग हा वेगळा मीटर कशाला?

बाहेरचा मीटर सगळ्या घराची बेरीज दाखवतो. फ्रीज एकटा चालू ठेवून बाकी सगळं २४ तास बंद ठेवणं कुठल्याच घराला जमत नाही. हा छोटा मीटर भिंतीतला सॉकेट आणि फ्रीजची पिन यांच्या मध्ये बसतो आणि फक्त त्या पिनेतून गेलेली वीज मोजतो. त्याच्या पडद्यावर बरेच आकडे फिरतात, पण तुमच्या कामाचे दोनच. `W` म्हणजे या क्षणी फ्रीज किती ओढतोय. `kWh` म्हणजे लावल्यापासून एकूण किती ओढली, म्हणजेच बिलावरचं युनिट. उत्तर नेहमी `kWh` मधून काढायचं. `W` चा उपयोग फ्रीज आत काय करतोय हे ओळखायला.

२. मीटर घेताना काय बघायचं?

फ्रीजची तीन जाड पिनांची पिन कोणत्याही अॅडॉप्टरशिवाय त्यात घट्ट बसली पाहिजे, आणि `kWh` दशांशाच्या पुढे निदान दोन घरं दिसलं पाहिजे. एकच घर दाखवणारा मीटर फ्रीजसाठी भरड पडतो. वीज गेली तरी आकडा टिकतो का, हे दुकानातच तपासून घ्या. इस्त्री लावून थोडे युनिट चढू द्यायचे, मीटर उपटायचा, मिनिटभराने परत लावायचा. आकडा शून्यावर गेला तर दुसरा मागा.

३. मीटर कसा लावायचा? फ्रीज बिघडणार नाही ना?

फ्रीजचं बटण बंद करा, पिन काढा, मीटर सॉकेटमध्ये बसवा, मीटरमध्ये फ्रीजची पिन बसवा. मग लगेच चालू करू नका, पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर नळ्यांमधला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. दाब असताना चालू केला तर कॉम्प्रेसर अडतो आणि त्याची संरक्षक कळ पडून तो बंद होतो.

सॉकेट फ्रीजच्या मागे असेल तर आकडा वाचता येत नाही. अशा वेळी जाड तीन-तारी वायरचा, अर्थिंग असलेला छोटा एक्स्टेन्शन चालेल. मोबाइल चार्जिंगचा बारीक वायरचा बोर्ड मात्र नको. अर्ध्या तासाने मीटरला आणि पिनेला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर सॉकेट सैल आहे. मोजणी थांबवून आधी सॉकेट बदला.

फ्रीज पाच-दहा मिनिटं बंद राहिल्यामुळे सुरुवातीला तो जरा जास्त चालतो. म्हणून मीटर आदल्या संध्याकाळी लावून ठेवायचा आणि मोजणी दुसऱ्या सकाळपासून धरायची.

४. पूर्ण २४ तास कशाला? तासभर मोजून २४ ने गुणलं तर?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि चुकाही सगळ्यात जास्त इथेच होतात. म्हणून आमच्याच फ्रीजचा मे महिन्यातला एक दिवस पूर्ण सांगतो.

सकाळी ७:०५ ला आकडा शून्यावर घेतला. १० वाजता ०.२१ युनिट. दुपारी १ ला ०.४७. ४ वाजता ०.७७. संध्याकाळी ७ ला १.०७. रात्री १० ला १.३६. मग झोपलो. सकाळी ६ वाजता १.८६, आणि ७:२० ला १.९४.

आता फरक बघा. दुपारी १ ते ४ या तीन तासांत ०.३० युनिट गेलं, म्हणजे तासाला ०.१०. तेव्हा स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर ३५ अंश होते, आणि जेवणाच्या वेळी दार सारखं उघडत होतं. रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत ०.५० युनिट, म्हणजे तासाला साधारण ०.०६. दुपारचा तास धरून २४ ने गुणलं तर दिवसाला २.४ युनिट येतात. रात्रीचा धरला तर दीड. घर तेच, फ्रीज तोच, दिवसही तोच. खरा आकडा या दोन्हींपेक्षा वेगळा निघाला, १.९२. (तो कसा काढला ते प्रश्न ५ मध्ये.)

दुसरं कारण मीटरचंच आहे. तो दशांशाची दोन घरं दाखवतो, त्यामुळे तासाभरात ०.०६ दिसलं तर ते खरं ०.०६० असेल किंवा ०.०६९ असेल. एवढ्याशा आकड्यात ती चूक मोठी, आणि २४ ने गुणल्यावर तीही २४ पट होते. दिवसभराच्या १.९४ मध्ये तीच चूक नगण्य ठरते.

तिसरं कारण डीफ्रॉस्टचं. ते प्रश्न ६ मध्ये स्वतंत्र दिलं आहे, कारण त्याने भलेभले गोंधळतात.

५. मोजणी नेमकी कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची?

साधा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. सुरुवात तो नुकताच चालू झाल्यावर केली आणि शेवट तो नुकताच बंद झाल्यावर, तर एक अख्खी फेरी फुकट मोजली जाते. म्हणून दोन्ही टोकं सारखी धरायची. मी कॉम्प्रेसर बंद पडण्याचा क्षण धरतो. आवाज थांबतो आणि `W` एकदम ११८ वरून एक-दोनवर येतो, त्यामुळे तो चुकत नाही.

आमचा फ्रीज त्या दिवशी ७:०५ ला बंद पडला, तेव्हा शून्य धरलं. दुसऱ्या दिवशी ७:०५ ला तो चालू होता, म्हणून थांबलो. तो ७:२० ला बंद पडला, आकडा १.९४. मध्ये गेले २४ तास १५ मिनिटं, म्हणजे २४.२५ तास. मग:

```
१.९४ ÷ २४.२५ × २४ = १.९२ युनिट
```

मीटर शून्य करायचं बटण दाबताना आदला आकडा कागदावर लिहून ठेवा. काही मीटरमध्ये ते बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं. शून्य होत नसेल तर सुरुवातीचा आकडा शेवटच्यातून वजा केला की झालं.

६. कॉम्प्रेसर बंद आहे, आवाज नाही, तरी मीटर १८० वॅट दाखवतोय. मीटर खराब आहे का?

मीटर बरोबर आहे. तुमचा फ्रीज फ्रॉस्ट-फ्री आहे आणि तो बर्फ वितळवतोय. या फ्रीजमध्ये थंड करणाऱ्या जाळीवर साचलेला बर्फ घालवायला आत एक छोटा हीटर असतो. तो ठरावीक काळाने आपोआप चालू होतो, थोडा वेळ तापतो आणि बंद होतो. आमच्या फ्रीजमध्ये तो १८० वॅट ओढतो आणि साधारण १८ मिनिटं चालतो, म्हणजे एका वेळेला ०.०५ युनिटच्या आसपास. त्यानंतर आत शिरलेली उष्णता काढायला कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालतो. तो खर्चही त्याच्याच खात्यावर धरायचा.

ओळखायची पक्की खूण आहे. मीटरवर `PF` बघा, म्हणजे पॉवर फॅक्टर: ओढलेल्या प्रवाहाचा किती भाग खरं काम करतो ते सांगणारा आकडा. हीटर चालू असताना तो १ च्या अगदी जवळ असतो. कॉम्प्रेसर चालू असताना आमच्याकडे तो ०.७ च्या आसपास दिसतो. आवाज नाही, वॅट जास्त आणि `PF` जवळजवळ १, हे तिन्ही जुळलं तर तो डीफ्रॉस्टच.

हे महत्त्वाचं का? काही फ्रीज दिवसातून दोनदा डीफ्रॉस्ट करतात, तर काही नवे फ्रीज दार किती उघडलं ते बघून दीड-दोन दिवसांनी. तुमच्या २४ तासांत तो आलाच नाही तर आकडा कमी येईल, आणि दोनदा आला तर जास्त. म्हणून फ्रॉस्ट-फ्री फ्रीज शक्य असेल तर सलग ४८ किंवा ७२ तास मोजावा आणि दिवसाची सरासरी काढावी.

७. आमचा एका दाराचा, बटण दाबून बर्फ वितळवायचा फ्रीज आहे. त्यालाही हेच लागू?

यात डीफ्रॉस्टचा हीटर नसतो, त्यामुळे २४ तास पुरतात. पण बर्फाचा थर स्वतःच वीज खातो, कारण जाड थराने थंडावा खाली उतरत नाही आणि कॉम्प्रेसर चालतच राहतो. थर बोटभर जाड असेल तर आधी आहे तसं एक दिवस मोजा. मग बटण दाबून बर्फ काढा, एक दिवस जाऊ द्या आणि परत मोजा. ज्या दिवशी बटण दाबलं तो दिवस मोजणीत धरू नका.

८. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला फ्रीज बंदच पडत नाही. सुरुवात-शेवट कुठला धरू?

हा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. त्यामुळे `W` कधी ३०, कधी ७०, आणि दार बराच वेळ उघडं राहिलं तर त्याहून वर. तो क्षणाचा आकडा बघून काहीच ठरवता येत नाही. इथे घड्याळ धरा. पहाटेची वेळ घ्या, जेव्हा रात्रभर दार उघडलेलं नसतं आणि वेग खाली स्थिर असतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आकडा घ्या. मीटर आदल्या दिवशी लावून ठेवणं (प्रश्न ३) या फ्रीजसाठी जास्त महत्त्वाचं आहे, कारण वीज परत आल्यावर तो काही काळ वरच्या वेगाने धावतो.

९. लेबलवर वर्षाला ३१० युनिट लिहिलंय, म्हणजे दिवसाला ०.८५. माझं तर दुप्पट येतंय. लेबल खोटं आहे का?

लेबल खोटं नसतं. पण तो आकडा प्रयोगशाळेत ठरावीक तापमानाला, ठरलेल्या पद्धतीने काढलेला असतो. तिथे कुणी दर दहा मिनिटांनी पाण्याची बाटली काढत नाही आणि आमटीचं पातेलं आत ठेवत नाही. लेबल दोन फ्रीजची तुलना करायला उत्तम, तुमच्या घरचा खर्च सांगायला नाही. मे महिन्यात सांगलीत लेबलच्या दीडपट आकडा आला तर मी घाबरणार नाही. दुपटीच्या वर गेला तर कारण शोधेन.

आमचं लेबलही ३१० चंच होतं आणि आकडा आला १.९२. सव्वादोन पट. म्हणून शोधलं.

पहिली गोष्ट दिसली ती जागा. फ्रीज भिंतीला जवळजवळ टेकला होता, मागे दोन बोटं जातील एवढीच फट. आमच्या फ्रीजला मागे काळी जाळी नाही. उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आत आहेत, म्हणून बाजू गरम लागतात. एका बाजूला धान्याचा डबा चिकटून होता. डबा हलवला, फ्रीज वीतभर पुढे घेतला. दोन दिवसांनी पुन्हा २४ तास मोजलं: १.७४.

मग दाराचा रबर. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. चांगल्या रबरात ती अडून येते. आमच्याकडे वर आणि मध्ये अडली, पण खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यात अलगद सुटली. तिथला रबर कडक होऊन दबला होता आणि त्याच्या घडीत बुरशी धरली होती. गरम पाण्याचं फडकं लावून तो फुगतो का पाहिलं, फुगला नाही. मेकॅनिककडून नवा बसवून घेतला. पुन्हा मोजलं: १.४६.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही एकदम केलं असतं तर कशाने किती फरक पडला हे कळलं नसतं. प्रत्येक मोजणीला स्वयंपाकघरातलं दुपारचं तापमान लिहून ठेवा. दोन मोजण्यांमध्ये वळवाचा पाऊस पडून हवा गार झाली असेल, तर फरक रबराचा नाही, हवेचा असेल. आमच्या तिन्ही दिवशी दुपारी ३४-३५ अंशच होते.

१०. दिवसाचा आकडा ३६५ ने गुणला की वर्षाचा खर्च आला ना?

मे महिन्याचा आकडा गुणला तर फार जास्त येईल, जानेवारीचा गुणला तर फार कमी. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे वर्षातून तीनदा मोजा आणि प्रत्येकी चार महिने धरा. दुरुस्तीनंतर आमचे आकडे असे आले: मे १.४६, ऑगस्ट १.१०, जानेवारी ०.८३. चार महिन्यांचे साधारण १२२ दिवस धरले तर वर्षाला ४१३ युनिटच्या आसपास. फक्त मे धरला असता तर ५३३ आले असते.

साताऱ्याचं घर जरा गार असतं, महाबळेश्वर-पाचगणीकडे तर फारच. तिथले आकडे सांगलीच्या आकड्यांशी ताडून बघू नका.

११. मग बिलात किती रुपये कमी होतील?

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या वरचा, आणि पुढे आणखी. फ्रीजमधून वाचलेली युनिट नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात, म्हणून सरासरी दराने हिशोब करू नका. बिलाच्या मागे छापलेला तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर, वहन आकार धरून, घ्या. आमचे मे महिन्यात दिवसाला ०.४६ म्हणजे महिन्याला जवळजवळ १४ युनिट कमी झाले.

१२. इलेक्ट्रिशियनने चिमटा-मीटरने ०.७३ अँपिअर मोजले. २३० ने गुणले तर १६८ वॅट होतात. तुमचा मीटर ११८ म्हणतो. खरं कोण?

दोन्ही मोजमापं बरोबर आहेत, गुणाकार अपुरा आहे. कॉम्प्रेसरच्या मोटारीत प्रवाहाचा काही भाग नुसता ये-जा करतो, काम करत नाही. म्हणून व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराला `PF` नेही गुणावं लागतं. १६८ गुणिले ०.७ म्हणजे ११८ च्या जवळ. घरगुती बिल `kWh` वर येतं, आणि प्लगवरचा मीटर हा गुणाकार करूनच आकडा दाखवतो. चिमटा-मीटरवरून फ्रीजचा खर्च काढला तर तो फुगतो.

१३. मोजणी चालू असताना दोन तास वीज गेली. २२ तासांचं २४ वर नेऊ का?

नाही. वीज नसताना फ्रीज आतून तापतो आणि वीज आल्यावर सलग चालून ती कसर बरीचशी भरून काढतो. म्हणजे २२ तासांच्या आकड्यात त्या दोन तासांचं काम बहुतेक आलेलंच असतं. वर नेलं तर ते दोनदा मोजलं जाईल. अर्धा-पाऊण तास गेली असेल आणि त्यानंतर चार-पाच तास मोजणी चालली असेल, तर आकडा आहे तसा घ्या. जास्त गेली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पाटण, कोयनेकडच्या वाचकांनी पावसाळ्यात मीटर आठवडाभर ठेवावा आणि वीज न गेलेले दिवस निवडावेत. रोज एकाच वेळी आकडा लिहिला की झालं.

१४. फ्रीज स्टॅबिलायझरवर आहे. मीटर त्याच्या आधी लावू की नंतर?

आधी, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये. स्टॅबिलायझर स्वतः रात्रंदिवस थोडी वीज खातो आणि बिल त्याचंही येतं. फ्रीजची पिन काढून फक्त स्टॅबिलायझर चालू ठेवा आणि `W` बघा. ५ वॅट असेल तर दिवसाला ०.१२ युनिट त्याचेच.

घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर फ्रीज असेल तर गोष्ट वेगळी. मीटर फ्रीजने घेतलेली वीज दाखवेल, पण बॅटरी चार्ज करताना वाया गेलेली दाखवणार नाही. शिवाय साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर स्वस्त मीटरचा आकडा भरवशाचा नसतो. वीज न गेलेला दिवस धरा.

१५. आम्ही जतजवळ राहतो. संध्याकाळी फ्रीज टक-टक करतो आणि मीटरवर क्षणभर मोठा आकडा येऊन शून्य होतो. हे काय?

त्या वेळी मीटरवर `V` बघा. व्होल्टेज फार खाली उतरलं असेल तर कॉम्प्रेसर उचल घेऊ शकत नाही. सुरू होताना तो नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, फिरत नाही, तापतो, आणि संरक्षक कळ पडून तोडते. टक आवाज तिचा. काही मिनिटांनी पुन्हा तेच. असा दिवस मोजणीला निरुपयोगी, कारण फ्रीज थंडच करत नाहीये आणि आकडा फसवा कमी येतो. मोजणी सोडा, फ्रीज बंद करा आणि आधी स्टॅबिलायझरची सोय करा. व्होल्टेज ठीक असतानाही टक-टक होत असेल तर कॉम्प्रेसरचा रिले किंवा कॉम्प्रेसरच बघून घ्यावा लागेल.

१६. हा मीटरच चुकीचं दाखवत असेल तर कसं कळणार?

बाहेरच्या मीटरशी ताडून बघा. त्याच्या तोंडावर `imp/kWh` लिहिलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. म्हणजे एका युनिटला छोटा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, पाण्याची इलेक्ट्रिक किटली प्लगवरच्या मीटरमधून लावा, आणि बाहेर कुणाला तरी मिनिटभर लुकलुक मोजायला सांगा.

```
लुकलुक × ६० ÷ ३२०० = किलोवॅट
```

८० लुकलुक झाले तर १.५ किलोवॅट. त्याच वेळी आतला मीटर १५०० च्या आसपास दाखवत असेल तर तो वापरण्याजोगा आहे. फरक शंभर वॅटच्या पुढे गेला तर आधी बघा, घरात राउटर, टीव्ही किंवा मोबाइलचा चार्जर चालू राहिला आहे का. बहुतेक वेळा तेच निघतं. त्यासाठी इस्त्री वापरू नका, ती थर्मोस्टॅटवर मध्येच बंद पडते आणि मोजणी फसते.